स्वर्गीय कोबी

वहिनींना ओळखणाऱ्या माणसांत दोन तट होते. एक तट म्हणे, त्या फार बोलतात. दुसरा तट म्हणे, त्या फार खरे बोलतात. कोपऱ्यावरच्या त्या आठ टेबलांच्या हॉटेलात बावीस वर्षे वाढप केल्यावर दोन्ही तटांची माणसे त्यांच्याकडेच जेवायला येत, कारण काय घ्यावे हे त्यांना विचारता येई आणि काय घेऊ नये हे त्या न विचारता सांगत. खोकणाऱ्याला त्या तळलेला मासा देत नसत. घड्याळाकडे बघणाऱ्याला "ऑम्लेट घ्या, बाकी सगळ्याला वेळ लागेल" म्हणत. हॉटेल त्यांच्या नवऱ्याने काढलेले. तो गेल्यावर धाकटा दीर गल्ल्यावर बसला. जग त्याला मालक म्हणे, वहिनी त्याला भावजी म्हणत, आणि तो मालक असला तरी वहिनी समोरून आल्या की पाय खुर्चीखाली घेई.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक चौकोनी खिडकी होती. तिच्या पलीकडे मौनी. हे काही त्याचे नाव नव्हे, पण वीस वर्षांत त्याच्या तोंडून पुरती वाक्ये फारशी कोणी ऐकलीच नव्हती, त्यामुळे आचाऱ्याचे खरे नाव मागे पडले आणि हे चिकटले. वहिनी खिडकीतून चिठ्ठी सरकवत, मौनी खिडकीतून ताट सरकवी. ताट जरा जोरात सरकले तर तो रागावलेला आहे आणि बेताने सरकले तर नाही, एवढे कळायला वहिनींना दोन वर्षे लागली होती. त्यानंतर त्यांचे कधी अडले नाही.

अडले ते मेनूकार्डावर.

ते कार्ड भावजींच्या मेहुण्याने लिहिले होते. मेहुणा लग्नपत्रिकांचा मजकूर करी, दुकानांच्या पाट्या करी, निवृत्त होणाऱ्यांसाठी मानपत्रे करी. खरे तर तो मनाने चांगला माणूस होता. त्याला फक्त एकटे नाम बघवत नसे. नाम दिसले की तो त्याला विशेषणाची शाल पांघरी. म्हणून हॉटेलात सगळे त्याला कविराज म्हणत, आणि त्याला ते कौतुकाने म्हटल्यासारखे वाटे. बहिणीच्या शब्दाखातर त्याने दहा महिन्यांपूर्वी एकही पैसा न घेता नवे कार्ड करून दिले. त्यात तळलेल्या माशाचा "सागरकन्येचा सोनेरी मुकुट" झाला. मशरूम "वनराणीचा गुप्त खजिना" झाले. साधे ऑम्लेट "प्रभातकिरणांची मखमली घडी" झाले आणि दुपारी कोणी मागेनासे झाले. काही पदार्थांना कविराजांनी आणखी वरचा मान दिला होता. त्यांच्या आधी "स्वर्गीय" लावले होते.

"स्वर्गीय कोंबडी," एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मोठ्याने वाचले आणि चष्मा काढला. "बाई, कधी गेली?"

वहिनी म्हणाल्या, सकाळीच. पण हसून झाल्यावर त्यांना वाईट वाटले. आधी लोक कार्ड वाचत आणि मग त्यांना एखादा प्रश्न विचारत. आता प्रत्येक ओळीला प्रश्न होता. हे म्हणजे काय? खजिना म्हणजे तिखट असतो का? मुकुटात कोळंबी असते का? एका गृहस्थांनी तर कोळंबीच आहे असे धरून मुकुट मागवला, समोर मासा आल्यावर तो उलटापालटा करून पाहिला आणि भावजींना गल्ल्यावर जाऊन विचारले की यातला मुकुट कुठला. एकेका टेबलापाशी वहिनींची दहा-दहा मिनिटे जाऊ लागली. आतली ताटे खिडकीत थंड होऊ लागली आणि जोरात सरकू लागली.

शेवटी भावजींनी ठरवले की कार्ड बदलायचे आणि बदलायचेच तर छाटायचेही. बत्तीस पदार्थ आणि आचारी एक. त्यांनी लाल पेन घेऊन जे खपत नाही त्यावर काट मारायला सुरुवात केली. सातव्या काटेला ते "स्वर्गीय हरितस्वप्न" या ओळीशी आले. हे स्वप्न म्हणजे कोबी. आठवड्याला एक ताट जाई, तेही दर गुरुवारी त्याच एका गिऱ्हाइकाला.

खिडकीच्या चौकटीत मौनी उभा होता. त्याने लाल रेघ पाहिली आणि तो बोलला.

"कोबी गेला तर मी जातो."

वीस वर्षांतले त्याचे ते सगळ्यात लांब भाषण. भावजींना ते धमकीसारखे वाटले. वहिनींना तसे वाटले नाही. बाकीचे एकतीस पदार्थ मौनीला कोणी ना कोणी शिकवलेले होते, कोबी त्याने स्वतः शोधून काढला होता. आणि मौनी एकदा गेला म्हणजे गेला. तो परत विचारायलाही येणार नाही, कारण विचारायला बोलावे लागते. तो नसलेल्या खिडकीत चिठ्ठी सरकवायची ही कल्पनाच त्यांना करवेना.

त्यांनी भावजींना सांगितले की कोबी वाईट म्हणून पडून नाही. हरितस्वप्न म्हणजे काय हे कोणालाच कळत नाही, म्हणून पडून आहे. भावजी म्हणाले, मग कळेल असे तुम्ही लिहा. तोंडाने सांगता तेच कागदावर उतरवा. नवे कार्ड लागल्यापासून दोन आठवड्यांत कोबीची बारा ताटे गेली तर कोबी राहील, नाही तर तो खराच स्वर्गीय होईल. कविराज तिथेच बसले होते. आपले शब्द असे पाडले जाताना पाहून त्यांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी एक अट मात्र घातली, आणि ती योग्यच होती. ताईंनी, म्हणजे वहिनींनी, टेबलापाशी तोंड उघडायचे नाही. कार्डाने विकायला हवे, ताईंच्या जिभेने नाही. त्यांनी आग्रह केला तर दगडसुद्धा खपेल.

वहिनींनी अट मान्य केली. मग मागे वळून हळूच जीभ चावली, कारण मान्य केल्यावर ती अट किती जड आहे ते त्यांना कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच, हॉटेल बंद असताना, त्या चिठ्ठ्यांची वही घेऊन स्वयंपाकघरात एका पालथ्या क्रेटवर बसल्या. त्यांचा बेत सोपा होता. मौनी काय करतो ते विचारायचे आणि लिहायचे. त्यांनी विचारले, कोबीचे काय करता? मौनी म्हणाला, भाजतो. मग? मग होतो. एवढ्यावर दोन आठवड्यांत बारा ताटे जाणार नाहीत हे उघड होते, म्हणून त्यांनी विचारणे सोडले आणि बघायला लागल्या.

मौनीने गड्ड्याच्या चार जाड फोडी केल्या, पण मधला देठ काढला नाही. देठ होता म्हणून पाने सुटत नव्हती. जाड बुडाचा काळा तवा धूर येईपर्यंत तापवला, तेलाचा हात फिरवला, फोडी कापलेल्या बाजूने टेकवल्या आणि मग काहीच केले नाही. वहिनींचा हात दोनदा शिवशिवला, पण मौनी तव्याकडे पाठ करून भांडी पुसत उभा राहिला. फोड उलटली तेव्हा तिची बाजू गडद तपकिरी होती आणि कडा थोड्या काळ्या. आता आच कमी करून त्याने लोणी आणि लसूण घातले. बाजूच्या मोठ्या पातेल्यातून पिवळसर पाणी पळीभर घातले, झाकण ठेवले. मग एका कढईत अक्रोड कोरडेच भाजून चुरले आणि पिळायला लिंबू कापून ठेवले.

वहिनी सगळे लिहीत होत्या. पाणी लिहिताना थांबल्या.

"हे पिवळं कसलं पाणी?"

"रस."

"कसला?"

मौनीने तव्याकडे पाहिले. "हाडांचा," तो म्हणाला.

वहिनींचे पेन हातातच राहिले. गुरुवारचे ते गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. तत्त्वाने मांस न खाणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी वहिनींना विचारले होते, यात मांस नाही ना, आणि वहिनींनी छातीवर हात ठेवून सांगितले होते, अहो, कोबी आहे तो. सहा वर्षांचे गुरुवार त्यांच्या डोळ्यांसमोर ओळीने उभे राहिले.

मौनीची बाजू अशी होती की त्याने कोंबडी कुठे घातली? हाडे तर तो गाळून टाकून देतो. हे त्याने तीन शब्दांत आणि एका हाताच्या खुणेने सांगितले, आणि त्यात लबाडी अजिबात नव्हती. त्याच्या लेखी ताटात जे दिसते तेच ताटात असते. वहिनींनाही पहिल्यांदा कळले की बावीस वर्षे आपण खरे बोलतो असे जे आपल्याला वाटत होते, त्यातला काही भाग आपण खिडकीच्या अलीकडे उभे राहून बोलत होतो.

त्यांनी मौनीला सांगितले की आता दोनच रस्ते आहेत. एक तर कार्डावर "कोंबडीच्या हाडांचा रस" असे लिहायचे, नाही तर रस बदलायचा. मौनी गप्प झाला. तो एरवीही गप्पच असे, त्यामुळे रागावून गप्प आहे हे ताट सरकण्याच्या आवाजावरूनच ठरवावे लागले. दोन दिवस खिडकीत नुसता खणखणाट होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत दोन वाट्या आल्या, अगदी बेताने. वहिनींनी दोन्ही चाखल्या. एक नेहमीची. दुसरी गडद, जरा गोडसर, मागून मशरूमचा वास येणारी. मौनीने गाजरे आणि कांदे सालासकट तपकिरी होईपर्यंत भाजून, मशरूमचे देठ आणि एक टोमॅटो घालून ती उकळवली होती. वहिनींनी दुसऱ्या वाटीकडे बोट दाखवले. मग त्यांनी विचारले की त्याच तव्यावर कोंबडीही भाजता का. मौनीने डोळे मिटले. संध्याकाळी कोबीच्या तव्याच्या दांड्याला हिरवी दोरी बांधलेली होती आणि त्याच्या शेजारी हिरव्या दोरीची एक वेगळी पळी लटकत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी साडेसातला डॉक्टर आले, रस्त्याकडच्या खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर बसले आणि रुमाल मांडीवर पसरला. वहिनींनी कोबी आणला नाही. त्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळे सांगितले, पळीसकट.

डॉक्टर दात बघताना बघत तसे त्यांच्याकडे बघत राहिले. "सहा वर्षं?"

"सहा वर्षं, डॉक्टर. मी विचारलंच नाही कधी."

डॉक्टरांनी रुमालाची घडी केली, तिची परत घडी केली, तो टेबलावर ठेवला, छत्री घेतली आणि ते गेले. रागावून बोलले असते तर वहिनींना बरे वाटले असते.

आता मजकुराचे राहिले होते. वहिनींनी कोबीवर वहीची अडीच पाने लिहिली होती. कविराजांनी ती नाकापाशी धरून वाचली आणि मनापासून हळहळले. ताई, हा पंचनामा आहे, ते म्हणाले. हा वाचून भूक लागणार नाही, साक्षीला उभे राहावे लागेल. कार्डावरची ओळ भुकेला माणूस वाचतो आणि भुकेला माणूस पहिले चार शब्दच वाचतो. वहिनींनी त्यांना उलट विचारले की तुमच्या चार शब्दांत पदार्थ कुठे असतो. मग दोघांनी तोच क्रेट बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आणला आणि त्याच्या दोन बाजूंना बसून कार्ड लिहायला घेतले. कविराज एक शब्द सुचवत, वहिनी त्याला एकच प्रश्न विचारत: हा शब्द काढून दुसऱ्या पदार्थाला लावला तर बसतो का? "चविष्ट" सगळ्यांना बसत होता. "खास", "अस्सल", "लज्जतदार", "मनपसंत" हेही सगळ्यांना बसत होते, म्हणजे ते कोणाचेच नव्हते. ते गेले. "ताजा" फक्त कोशिंबिरीपुरता उरला, कारण भाजी रोज सकाळी येई आणि मासा येत नसे. "घरगुती पाव" जाऊन "शेजारच्या बेकरीतला पाव, सकाळचा" असे आले. कविराजांना वाटले यात काव्य नाही, पण "सकाळचा" हा शब्द त्यांना हळूहळू आवडू लागला.

जे शब्द राहिले त्यांच्यासाठी मात्र भांडणे झाली. कविराजांनी तळलेल्या माशाला "खुसखुशीत" लिहिले. वहिनींनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि खिडकीतून आवाज आला.

"खुसखुशीत बिस्कीट. मासा कुरकुरीत."

कविराज चकित झाले. चौकशी केल्यावर कळले की मौनीकडे असे बरेच शब्द होते. ते तो फक्त गरज पडेल तेव्हा काढी. सूप पातळ नाही, दाटसर. खीर घट्ट नाही, रवाळ. आणि कोबी भाजलेला नाही. "खरपूस," मौनी म्हणाला आणि थोडे थांबून म्हणाला, "करपलेला नाही." कविराजांनी तो शब्द कागदावर लिहिला, त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिले आणि कबूल केले की आपल्या दहा महिन्यांच्या सगळ्या कार्डात इतका वास येणारा शब्द एकही नव्हता. तोच आधी घ्यायचा, असे त्यांनी सांगितले. बाकीचे त्यांनी निर्दयपणे कापले. देठ गेला, तव्याचा धूर गेला, लसूण वाचला. लोणी आणि अक्रोड वाचले ते वहिनींनी आडवा हात घातल्यामुळे. कोणाला दूध चालत नाही, कोणाला अक्रोडाने घसा सुजतो, त्यांनी काय ताट आल्यावर ओळखायचे?

शेवटची लढाई माशावर झाली. कार्ड छापखान्यात गेले आणि तपासणीची प्रत आली, तेव्हा वहिनींना माशाच्या ओळीतला "गोठवलेला" शब्द दिसला नाही. कविराजांनी तो वाटेत काढला होता. त्यांचे म्हणणे असे की एवढे सगळे खरे लिहिले ते ठीक, पण आपल्याच माशाची बदनामी कुठला शहाणा माणूस छापतो? भावजींनाही ते पटत होते. दोघेही म्हणाले की लोक काही विचारत नाहीत. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी विचारले होते. शब्द परत ओळीत आला.

शुक्रवारी नवे कार्ड टेबलांवर लागले. वीस पदार्थ, एक पान, मागे काही नाही. माशाची ओळ अशी होती: "मासा, पिठात घोळवून कुरकुरीत तळलेला. सोबत इथेच कापून तळलेले बटाटे. मासा गोठवलेला येतो." आणि कोबीची अशी: "खरपूस कोबी. जाड फोड तव्यावर गडद तपकिरी भाजून, लोणी, लसूण आणि भाजलेल्या कांदा-मशरूमच्या रसात मऊ केलेली. वर लिंबू, अक्रोडाचा चुरा. मांस, मासे, अंडे नाही, तवा वेगळा. चाळीस मिनिटे लागतात."

मग वहिनींच्या आयुष्यातले सगळ्यात शांत दोन आठवडे सुरू झाले. त्या टेबलाशी जात, कार्ड ठेवत आणि ओठ मिटून उभ्या राहत. जुनी गिऱ्हाइके घाबरली. एका बाईंनी भावजींना हळूच विचारले की वहिनींच्या घरी सगळे ठीक आहे ना. कोणी कोबीच्या ओळीवर बोट ठेवले की वहिनी चिठ्ठीवर पेन टेकवत, आणि बोट खाली सरकून कोंबडीवर गेले की ते पुन्हा उचलत. गल्ल्याच्या मागे खडूने रेघा मारल्या जात होत्या. पहिल्या आठवड्यात पाच झाल्या. पहिला गुरुवार आला तेव्हा साडेसातला खिडकीजवळचे टेबल रिकामे होते, आणि मौनीने न सांगता एक फोड तव्यावर टाकली आणि न सांगता ती पुन्हा काढली.

दुसऱ्या आठवड्यात एक जोडपे आले. नवऱ्याने चाळीस मिनिटे वाचून नाक मुरडले. बायको म्हणाली की निदान सांगितले तरी आहे, परवा आपण दुसरीकडे न सांगता तेवढाच वेळ बसलो होतो. त्यांनी दोन मागवले. पुढे एक जाड पुस्तक वाचणारा आला, त्याला चाळीस मिनिटेच हवी होती. बुधवारपर्यंत अकरा रेघा झाल्या. भावजींनी आधीच सांगून ठेवले होते की घरच्यांनी खाल्लेले धरायचे नाही. हे ते कविराजांकडे बघून म्हणाले, कारण मंगळवारी कविराज टोपी घालून कोपऱ्यातल्या टेबलावर बसताना सापडले होते.

शेवटचा दिवस गुरुवार. दुपारी कोबीकडे कोणी फिरकले नाही. संध्याकाळी सात टेबले भरली आणि सातही टेबलांवर कोंबडी, मासा, सूप गेले. मौनीची ताटे ना जोरात सरकत होती ना बेताने, आणि वहिनींना त्याचा काही अर्थ लागेना. साडेसात वाजून गेले. पावणेआठला दार उघडले आणि छत्री आत आली, तिच्यामागून डॉक्टर.

ते खिडकीजवळ बसले. वहिनींनी कार्ड ठेवले आणि ओठ मिटले. डॉक्टरांनी कार्ड उचलून दिव्याकडे धरले, दाताचा एक्स-रे धरावा तसे, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सूप वाचले. कोंबडी वाचली, जी त्यांना खायची नव्हती. पाव वाचला. माशापाशी थांबले, मागे गेले आणि पुन्हा वाचले.

"मासा गोठवलेला येतो," ते म्हणाले. "हे तुम्ही स्वतःहून छापलंत?"

वहिनींनी मान हलवली. बोलायची परवानगी नव्हती. गल्ल्यावरून भावजींनी घाईने हातवारे केले की बोला, बोला, पण वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"असं छापणारी माणसं कोबीबद्दल खोटं बोलणार नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि रुमाल मांडीवर पसरला. "एक कोबी. मला घाई नाही."

वहिनींनी चिठ्ठी लिहिली. एरवी त्या नुसते "को" लिहीत. आज त्यांनी "खरपूस कोबी" असे पूर्ण लिहिले आणि खिडकीतून सरकवली. भावजींनी खडू उचलला. पण मौनीने आतून बोट उभे केले, थांबा म्हणून. खाल्ल्याशिवाय धरायचे नाही, असा त्याचा अर्थ होता.

चाळीस मिनिटे कोणाचेच कामात लक्ष नव्हते. ताट खिडकीत आले तेव्हा काडीचाही आवाज झाला नाही. डॉक्टरांनी सुरी चालवली, पहिला घास घेतला, सावकाश चावला, कारण ते सगळेच सावकाश चावत. ताट पुसून स्वच्छ केले. मग वहिनींना जवळ बोलावले.

"खरं सांगू का, बाई?"

वहिनी न बोलायची अट विसरल्या. "सांगा की."

"आधीचा जास्त चांगला होता."

खिडकीत मौनीचा चेहरा आला. भावजींचा खडू हवेत राहिला. कविराज, जे या वेळी टोपीशिवाय कोपऱ्यात बसले होते, ते अर्धवट उठले. आणि मग जे कधी झाले नव्हते ते झाले. स्वयंपाकघराचे दार उघडून मौनी बाहेर आला. गिऱ्हाइकांच्या बाजूने तो खोली पहिल्यांदाच बघत होता. ती बहुधा त्याला अपेक्षेपेक्षा लहान वाटली असावी. हात फडक्याला पुसत तो डॉक्टरांच्या टेबलाशी आला.

"मलाही तसंच वाटतं," तो म्हणाला. "कांदा अजून भाजायला हवा. पुढच्या गुरुवारी बघा."

डॉक्टर म्हणाले, बघतो. मौनीने मान डोलावली आणि जाता जाता गल्ल्याशी थांबला. भावजींच्या हातातला खडू घेऊन त्याने बारावी रेघ स्वतः मारली, आणि आत गेला.

बोलायची मुभा परत मिळाली तेव्हा वहिनींनी आधी डॉक्टरांचे रिकामे ताट खिडकीतून आत सरकवले, अगदी बेताने. मग शेजारच्या टेबलावर एक माणूस खोकत खोकत माशाच्या ओळीवर बोट ठेवताना दिसला, आणि त्या लगबगीने तिकडे गेल्या.